दसऱ्याचा ताबा

आमच्या समाधान रेसिडेन्सीच्या तळघरात किती पाणी आहे, ते मी रोज सकाळी साडेपाचला खाली जाऊन बघतो. न बघितल्याने ते गेलं असतं तर मी खुशाल झोपून राहिलो असतो. हातात एक फूटपट्टी, एक खडू आणि दोनशे पानी वही. पाणी कुठवर आलंय तिथे भिंतीवर खडूने रेघ मारायची, तारीख टाकायची, वहीत नोंद करायची, मग पंपाचं बटण दाबायचं. बायको म्हणते, आता त्या भिंतीलाच दप्तरी लावून घ्या.

मी धम्मानंद खिल्लारे. महसूल खात्यात बत्तीस वर्षं काढली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. राणीसावरगावची माझ्या हिश्श्याची जमीन विकली, फंडाचे पैसे घातले आणि परभणीत हा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. सोळा फ्लॅटची सोसायटी झाली तेव्हा सचिव कोण, हा प्रश्नच आला नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण या इमारतीत कुणालाही कसलाही कागद आला, विम्याचा असो की सातबाराचा, तो आधी माझ्या दारात येतो. लोक वाचून घेतात, विचारतात, काय करायचं सांगा. मी सांगतो. खरं बोलायचं तर निवृत्तीनंतर मला जगवलं ते पेन्शनने कमी आणि या दारातल्या माणसांनी जास्त. म्हणून पुढे जे झालं ते मला लागलं.

पाणी पहिल्यांदा दिसलं ते दोन वर्षांपूर्वी. मागच्या भिंतीच्या बुडाशी, जिथे भिंत आणि फरशी मिळतात तिथे, ओल धरली. त्या वर्षी ती उन्हाळ्यात वाळली. पुढच्या वर्षी वाळली नाही. यंदा मराठवाड्यात पाऊस असा पडला की शेतातली काळी माती नुसती फुगून बसली. आमच्या भिंतीमागेही तीच माती. भिंतीच्या सांध्यातून पाण्याची धार लागली आणि गाड्या बाहेर रस्त्यावर काढाव्या लागल्या. सोळा फ्लॅटच्या वीजमीटरचं पॅनेल त्याच भिंतीला. चौथ्या खांबाचा गिलावा सुटून आतली सळई तांबडी दिसायला लागली. त्या खांबावर माझा फ्लॅट आहे, आणि माझ्यावर किशनरावांचा, आणि त्यांच्यावर माधवीचा.

हे किशनराव होगे आमचे अध्यक्ष. मूळचे मानवतचे. सरकीचा आणि धान्याचा व्यापार केला, आता पायांनी साथ सोडली म्हणून इथे. बोलणं मोकळं, मन त्याहून मोकळं, पण कागद म्हटला की चष्मा नसल्याचं सांगून माझ्याकडे सरकवणार. माधवी ही तिसऱ्या मजल्यावरची. स्थापत्य अभियंता आहे, स्वतःचं छोटं ऑफिस चालवते. आमच्याशी अदबीने बोलते, पण मूर्खपणा ऐकला की भुवई वर जाते.

बिल्डर योगीराज. सरजाई कन्स्ट्रक्शन त्याची. वय असेल चाळीस. मला काका म्हणतो, भेटला की वाकून नमस्कार करतो. जुलैपासून मी त्याला फोन करत होतो. जुलैत म्हणाला, काका, पाऊस उघडू द्या, पावसात भिंतीला हात लावता येत नाही. ते खरं होतं. ऑगस्टमध्ये म्हणाला, पोळा झाला की माणसं येतात. सप्टेंबरात म्हणाला, काका, जिल्हाभर पाणी आहे, आधी लोकांची घरं बघू. ऑक्टोबरात म्हणाला, दिवाळी होऊ द्या, मजूर गावी गेलेत. प्रत्येक वेळी मला पटलं. ज्या माणसाने बत्तीस वर्षं लोकांना सांगितलं की तोंडी काही बोलू नका, लेखी द्या, त्या माणसाने चार महिने फोनवर भागवलं. का, तर समोरचा काका म्हणत होता.

दिवाळीनंतर माधवी खाली उतरली. टॉर्च घेऊन तासभर फिरली, हातोडीने खांब वाजवून बघितला. म्हणाली, भिंतीला बाहेरच्या बाजूने वॉटरप्रूफिंग केलेलंच नाही. भिंत आणि फरशी जोडताना सांधा नीट भरलेला नाही. मागची माती खोदून बाहेरून थर द्यावा लागेल, पाणी वाहून जायला नळी टाकावी लागेल, आणि हे येत्या पावसाळ्याच्या आत झालं पाहिजे, नाहीतर खांबाचं मला सांगता येणार नाही. मग मला विचारलं, काका, बिल्डरला लेखी कधी दिलंत? मी म्हणालो, आज देतो.

समितीची बैठक घेतली, ठराव केला आणि त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. ते असं:

दिनांक १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
श्री. योगीराज, प्रवर्तक, सरजाई कन्स्ट्रक्शन, परभणी

विषय : सामाईक तळघरातील पाणीगळतीबाबत व दुरुस्तीच्या वेळापत्रकाबाबत.

महोदय,
आपण बांधलेल्या समाधान रेसिडेन्सी या इमारतीच्या सामाईक तळघरात मागील भिंतीच्या सांध्यातून सतत पाणी झिरपत आहे. त्यामुळे खांब क्रमांक चारमधील सळई उघडी पडून गंजली आहे, तसेच वीजमीटरच्या पॅनेलला ओल लागून धोका निर्माण झाला आहे. दिनांक ५ जुलैपासून आपणांस वेळोवेळी दूरध्वनीवरून कळवले आहे. पाहणी अहवाल, छायाचित्रे व पाण्याच्या पातळीच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.

रेरा कायद्याच्या कलम १४, पोटकलम ३ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला बांधकामातील दोष तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे ही आपली जबाबदारी आहे. तरी काम कोणत्या तारखेस सुरू होईल, कोणत्या पद्धतीने होईल व कधी पूर्ण होईल, याचे लेखी वेळापत्रक सात दिवसांत द्यावे, ही विनंती.

आपला,
धम्मानंद खिल्लारे, सचिव

पत्र घेऊन मी स्वतः त्याच्या ऑफिसात गेलो आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. योगीराज नव्हता. पोच देणाऱ्या मुलीने चहा विचारला. मी चहाही घेतला. पत्र चांगलं झालं होतं. एकही जागा अशी नव्हती की जिथे कुणाला बोट ठेवता येईल, असं मला त्या चहाच्या घोटाबरोबर वाटत होतं.

दहा दिवसांनी उत्तर आलं, रजिस्टर्ड पोस्टाने. चार ओळींचं. आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. ताबापत्रांप्रमाणे ताब्याचा दिनांक २५ ऑक्टोबर २०२० असल्याने पाच वर्षांची मुदत २५ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. सबब आपली मागणी मान्य करता येत नाही, क्षमस्व. सोबत ताबापत्राची एक प्रत जोडली होती. फ्लॅट क्रमांक एकशे एक, धम्मानंद खिल्लारे. अक्षर माझंच. माझं अक्षर चांगलं आहे, ऑफिसात नावाजलेलं होतं. त्या दिवशी मला त्या वळणदार अक्षराची किळस आली.

सोळा दिवसांनी मुदत चुकली होती. आणि मुदत संपायच्या त्याच आठवड्यात योगीराजने दिवाळीचे फराळाचे डबे पाठवले होते.

आता ही तारीख कुठून आली ते सांगायला हवं, आणि त्यात माझी सुटका नाही.

वीस सालचा दसरा. लॉकडाऊनमुळे इमारत रखडलेली. लिफ्ट बसलेली नाही, तळघरात सिमेंटची पोती, मीटर नाहीत, महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र तर लांबच. पण लोक थकले होते. किशनरावांनी हट्ट धरला की ताबा घ्यायचा तर दसऱ्यालाच, साडेतीन मुहूर्तांतला. बाकीच्यांनाही तो दिवस हवा होता. मी मुहूर्त मानत नाही, पण दसरा हा आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. आमच्या घरात त्याहून मोठा दिवस नाही. माझ्या वडिलांच्या हयातीत आम्हाला गावकुसाबाहेर कुडाचं घर होतं. त्या दिवसाच्या तारखेने माझ्या नावाचं पक्कं घर असावं, असं मला मनापासून वाटलं. सोळा कुटुंबं, कुणाचा देव कुणाला चालत नाही, पण ही एकच तारीख सगळ्यांना चालली. इतकं एकमत आमच्यात पुन्हा कधी झालं नाही.

योगीराज म्हणाला, घर तयार व्हायला अजून चार महिने लागतील, पण ताबापत्र आजच्या तारखेने देतो, चाव्या नंतर घ्या. त्यालाही ते सोयीचं होतं. कर्ज काढलेल्या अकरा जणांच्या बँका ताबापत्र बघूनच शेवटचा हप्ता सोडणार होत्या. सुट्टीचा दिवस, त्याचं ऑफिस बंद, टाइप करायला कुणी नाही. मग मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो आणि सोळाच्या सोळा ताबापत्रं हाताने लिहिली. किशनराव सही करताना घुटमळले होते. म्हणाले, पोरगा पुण्याला हाय, त्याला इचारू का? मी त्यांना धीर दिला. मी, ज्याने एका चुकीच्या तारखेपायी कित्येक म्हाताऱ्यांचे अर्ज परत पाठवले होते.

चाव्या मिळाल्या त्या १२ मार्च २०२१ ला. भोगवटा प्रमाणपत्र आलं ९ मार्चला, मीटर बसले १२ ला, आणि त्याच दिवशी पहिला टेम्पो दारात लागला.

हे सगळं मी वकिलांना सांगितलं. पंडित वकील, कोर्टाच्या मागच्या गल्लीत बसतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, तुमची बाजू पडलेली नाही. भोगवटा प्रमाणपत्राआधी दिलेला ताबा हा कायद्याने ताबाच नाही. प्रमाणपत्र आणि मीटरच्या नोंदी जोडा, मुदत मार्च सव्वीसपर्यंत चालते, तुमचं पत्र वेळेत आहे. फक्त एक करावं लागेल. ताबापत्रांवरची तारीख खरी नव्हती, हे तुम्हाला स्वतः लिहून द्यावं लागेल.

मी विचारलं, न लिहिता होणार नाही का? ते म्हणाले, तुमचाच कागद तुमच्याविरुद्ध उभा आहे, साहेब. त्याच्याबद्दल तुम्ही नाही बोललात तर तो बोलेल.

समितीत हा विषय काढला आणि मला कळलं की मी किती बाजूंनी बांधलेला आहे. राजेश्री आमची खजिनदार, शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, आम्ही ते पत्र बँकेला दिलंय, आता ते खोटं म्हणायचं तर बँकेने आम्हाला काय समजायचं? माझी नोकरी सरकारी आहे. तिचं चूक नव्हतं. दुसऱ्या दोघांनी मान हलवली. सगळ्यात जास्त बिघडले ते किशनराव. त्यांनी दसऱ्याला त्या अर्धवट घरात वास्तुशांती केली होती, मानवतहून पाव्हणे आणले होते, विटांच्या चुलीवर दूध उतू घातलं होतं. त्यांच्या दृष्टीने ताबा त्याच दिवशी झाला. तो ताबा खोटा म्हणजे पूजा खोटी, आणि वर बँकेचं लफडं. ते मला म्हणाले की खिल्लारे साहेब, पाण्याचं दुसरं काही बघा. ठराव झाला नाही. ठरावाशिवाय सोसायटीच्या नावाने पत्र पाठवायचा मला अधिकार नाही, आणि नियम मोडायची माझी हिंमत आयुष्यात एकदाच झाली होती, ती त्या दसऱ्याला.

डिसेंबर असाच गेला. पाऊस कधीच संपला होता, तरी पाणी हटेना. जवळच्या कालव्याला पाणी सोडलं की इकडे दोन दिवसांनी भिंतीला पाझर वाढायचा, हे माझ्या वहीतून दिसायला लागलं. फ्लॅट विकून टाकावा असाही विचार आला. एक गिऱ्हाईक आलं, मास्तर होते येलदरीकडचे. घर आवडलं. जाताना गाडी कुठे लावायची म्हणून तळघरात उतरले आणि तिथूनच नमस्कार करून गेले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही गेलो असतो. विकता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, खरं बोलायला मनाई आणि गप्प बसलो तर खांब गंजतोय.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात योगीराज स्वतः घरी आला. वाकून नमस्कार केला. म्हणाला, काका, मला तुमच्याशी भांडायचं नाही. माझी दोन माणसं पाठवतो, आतून केमिकलचा थर मारून देतात, चार दिवसांचं काम, एक पैसा घेत नाही. फक्त एक साधं पत्र द्या की सर्व दोष दूर झाले, सोसायटी समाधानी आहे, यापुढे काही मागणी नाही. मजकूर त्याने तयार करूनच आणला होता. तारखेची जागा कोरी होती.

मी म्हणालो की माधवी सांगते, आतून थर मारून एक पावसाळा निघेल, दुसरा नाही. तो हसला. मग मी तारखेचा विषय काढला, भोगवटा प्रमाणपत्राचा काढला. त्याचं हसू गेलं नाही, पण आवाज खाली आला.

"तारीख खोटी म्हणालात तर माझ्यावरही येईल, मान्य," तो म्हणाला. "सही माझी आहे. पण काका, सोळाही कागदांवर अक्षर कोणाचं आहे, हे आधी विचारतील."

त्याने पत्र टेबलावर ठेवलं आणि दोन दिवसांनी येतो म्हणून गेला.

ते पत्र मी दोन दिवस टेबलावर ठेवलं. समितीला दाखवलं असतं तर सगळ्यांनी हो म्हटलं असतं. कुणाची बँक नाही, कुणाची पूजा नाही, चार दिवसांत भिंत कोरडी. मी पेनही काढलं होतं. माझी बायको पंचफुला शेंगा सोलत समोर बसली होती. तिला वाचता येतं सावकाश, तिने तो कागद ओढून घेऊन पूर्ण वाचला.

"तवा मी इचारलं होतं," ती म्हणाली. "घर अर्धं हाय, मग ताबा कशाचा. तुमी म्हणलाव, तुला कागदातलं कळत न्हाई."

मला आठवलं. खुर्चीवर बसून मी सोळा ताबापत्रं लिहीत होतो आणि ती मागे पिशवी धरून उभी होती. चारचौघांत मी तिला गप्प बसवलं होतं. आज ती रागावलेलीही नव्हती, शेंगा सोलत राहिली. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी पेनाला टोपण लावलं आणि योगीराजचा कागद तिच्या हातातून घेऊन टरफलांच्या टोपलीत टाकला.

मग मी दुसरं पत्र लिहिलं. पहिल्या पत्राइतकं ते देखणं नव्हतं. त्यात लिहिलं की समाधान रेसिडेन्सीच्या सोळाही ताबापत्रांवरील २५ ऑक्टोबर २०२० हा दिनांक प्रत्यक्ष ताब्याचा नाही. तो सर्वांच्या सोयीने टाकला, आणि तो मजकूर मी, धम्मानंद खिल्लारे, स्वहस्ते लिहिला. प्रत्यक्ष ताबा १२ मार्च २०२१ रोजी मिळाला, भोगवटा प्रमाणपत्र व मीटरच्या नोंदी सोबत आहेत. सबब आमची १० नोव्हेंबरची तक्रार मुदतीत आहे. दुरुस्तीचं वेळापत्रक सात दिवसांत न मिळाल्यास रेराकडे तक्रार दाखल करण्यात येईल.

हा मसुदा घेऊन मी एक जिना चढून किशनरावांकडे गेलो. त्यांची सही आणि ठराव मिळाल्याशिवाय तो कागद म्हणजे माझी डायरीच होती. ते पलंगावर पाय शेकत बसले होते. चष्मा नाही म्हणाले. मी मोठ्याने वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. वाचताना मला माझाच आवाज परका वाटत होता.

किशनरावांनी गरम पाण्याची पिशवी बाजूला केली.

"बँकेनं इचारलं तर?"

आयुष्यभर मला या प्रश्नाचं उत्तर असायचं. नसलं तरी मी द्यायचो. लोकांना उत्तरच हवं असतं, खरं किती हे कोण मोजतं.

"मला माहीत न्हाई, किशनराव," मी म्हणालो.

"तवा तुमाला माहीत होतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तवा तुमी म्हणलाव, काही होत न्हाई, मी हाय ना. त्या बोलण्यावर मी सही केली. पोराला सुदा इचारलं न्हाई."

"चुकलं माझं."

"पूजेचं जाऊ द्या. देवाला ठाऊक हाय लिफ्ट नव्हती ते." त्यांनी पाय खाली सोडले. "पर तुमच्या भरवशावर आमी डोळे झाकून ऱ्हायलो, साहेब. ह्ये लय लागायलंय."

मी खाली मान घालून उभा होतो. त्यांनी उशीखाली हात घालून चष्मा काढला. तो तिथेच होता. कागद माझ्या हातातून घेतला आणि पहिल्या ओळीपासून स्वतः वाचायला लागले. बोट ठेवून, ओठ हलवत, दोन्ही पानं. दहा मिनिटं लागली असतील. मला कुणी बसा म्हटलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी उद्या बैठक बोलवा म्हणून सांगितलं, आणि सही केली.

बैठकीत किशनराव बोलले, मी बोललो नाही. त्यांनी सांगितलं की मी स्वतः उद्या माझ्या बँकेत जाऊन तारखेचं खरं काय ते सांगणार आहे, ज्याला यायचं त्याने यावं. राजेश्री रडकुंडीला आली, पण तिनेही शेवटी हात वर केला. ठराव मंजूर झाला.

पत्र पोचलं आणि पाचव्या दिवशी योगीराजचं वेळापत्रक आलं. यावेळी काका नाही, मा. सचिव. तीस दिवसांत नव्हे, पण लेखी आणि सहीनिशी: मागच्या भिंतीलगतचं खोदकाम २ फेब्रुवारीपासून, बाहेरून वॉटरप्रूफिंग आणि नळी, त्यानंतर चौथ्या खांबाची दुरुस्ती, मीटरचं पॅनेल समोरच्या भिंतीवर, सगळं ३१ मार्चच्या आत. माधवीने एक-एक बाब तपासून हे चालेल म्हणून सांगितलं. रेराकडे जायचं झालं तर त्यालाही भोगवट्याआधी ताबा दिल्याचं उत्तर द्यावं लागणार होतं, ते त्याला नको होतं. आता भिंतीमागे जेसीबी काळी माती उपसतोय आणि माझ्या फरशीला त्याची थरथर लागते. झालं ते चांगलंच झालं. खांब वाचेल. मला आनंद व्हायला हवा.

परवा सकाळी पोस्टमन आला. किशनरावांच्या बँकेचं पाकीट होतं. ते आता पायांना जपत खालीच बसतात खुर्ची टाकून, त्यांनीच ते घेतलं. मी दार उघडं ठेवून बसलो होतो. ते जिन्याने वर निघाले, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात पाकीट. लिफ्ट बंद होती खोदकामामुळे. माझ्या दारासमोर दम खायला थांबले. राम राम झाला. मी म्हणालो, आणा, बघू काय म्हणतेत.

"न्हाई," ते म्हणाले, "माधवीला दावतो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तेच जास्त झालं. मग ते एकेक पायरी चढत स्वतःच्या मजल्यावरून पुढे तिसऱ्या मजल्यावर गेले, दुखऱ्या पायांनी, आणि मी मोजत बसलो की किती वेळ लागतोय. संध्याकाळी माधवीने आपण होऊन सांगितलं की बँकेने फक्त भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागितली आहे, बाकी काही नाही. मी म्हणालो, बरं झालं. ती गेल्यावर पंचफुलाने दार लोटून घेऊ का विचारलं. मी म्हणालो, राहू दे उघडं.